सेक्स थेरपीत नेमकं काय होतं, आणि घरी काय करायला सांगतात?

«लग्नाला चौदा महिने झाले, अजून आमचा संबंध पूर्ण झालेला नाही. प्रयत्न केला की आत भिंत असल्यासारखं वाटतं, माझे पाय आपोआप जवळ येतात. हल्ली नवऱ्याचंही ऐन वेळी उतरतं. गायनॅक मॅडम म्हणाल्या, तपासणीत सगळं ठीक आहे, सेक्स थेरपिस्टकडे जा. तिथे दार बंद करून काय करतात? कपडे काढावे लागतात का? आणि होमवर्क देतात म्हणजे काय देतात? घरी सासू-सासरे आहेत, वन बीएचके आहे.»

कपडे काढावे लागत नाहीत. तुम्हाला एकमेकांना हातही लावावा लागत नाही आणि थेरपिस्ट तर तुम्हाला अजिबात हात लावत नाही. खोलीत तीन खुर्च्या, पाण्याची बाटली, फार तर ओटीपोटाची रचना दाखवणारं एखादं प्लास्टिकचं मॉडेल, आणि ४५ ते ६० मिनिटं बोलणं, एवढंच असतं. शारीरिक तपासणी लागली तर ती डॉक्टर करतात, वेगळ्या वेळी, तुमची परवानगी घेऊन आणि सोबत दुसरी स्त्री असताना. थेरपीच्या नावाखाली कोणी "करून दाखवा" म्हणालं, किंवा "मी शिकवतो" म्हणत स्पर्श केला, तर तिथून उठून निघायचं. पहिल्याच भेटीत हजारो रुपयांची पुडी-काढ्यांची पाकिटं आणि "२१ दिवसांत गॅरंटी" समोर आली, तरी तेच करायचं.

खरं काम घरी होतं. सेशन असतं ते घरी काय झालं हे वाचायला. ही पद्धत अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी बसवली आणि १९७० साली पुस्तकातून मांडली. त्यांच्याकडे जोडपी दोन आठवडे हॉटेलात राहायची आणि रोज भेटायला यायची. आज कोणी तसं करत नाही. आठवड्याला किंवा पंधरवड्याला एक भेट, आणि मधल्या दिवसांत घरचा गृहपाठ, अशी रीत आहे. तुम्ही सांगितलेल्या अडचणीत साधारण दहा ते पंधरा भेटी लागतात, म्हणजे चार-सहा महिने धरून चाला.

सगळं समजायला सोपं जावं म्हणून तुमच्यासारखंच एक जोडपं धरू. ती २८ वर्षांची, तो ३१ चा, डोंबिवलीत राहतात, दोघं नोकरी करतात, हॉलमध्ये आई-बाबा झोपतात.

पहिल्या भेटीत दोघं एकत्र. थेरपिस्ट "प्रॉब्लेम काय?" एवढ्यावर थांबत नाही. तो शेवटचा प्रयत्न उलगडून घेतो: कुठला वार होता, किती वाजले होते, सुरुवात कोणी केली, कोणत्या क्षणी भीती वाटायला लागली, तेव्हा तुम्ही काय केलंत, त्याने काय केलं, नंतर कोण कुठल्या कुशीवर झोपलं, सकाळी काय बोललात. हे विचारताना तो "लिंग", "योनी", "ताठरता" हे शब्द साध्या आवाजात वापरतो, आणि तुम्हाला जे शब्द जमतात ते चालवून घेतो. "ते", "खाली", "आपलं ते" यांनी सुरुवात होते आणि तिसऱ्या भेटीपर्यंत बहुतेकांची जीभ सैल होते. एवढ्या बारीक चौकशीचं कारण असं की बिघाड नेहमी एका विशिष्ट जागी असतो. या जोडप्यात ती जागा अशी सापडते: जवळीक, चुंबन, स्पर्श सगळं छान चालतं. तो वर येऊन हात खाली नेतो, त्या क्षणी तिचा श्वास अडकतो आणि मांड्या आवळतात.

दुसरी आणि तिसरी भेट वेगवेगळी, प्रत्येकी एकेक. इथे असे प्रश्न येतात जे जोडीदारासमोर खरेपणाने सांगता येत नाहीत. लग्न मनाने केलं का, लहानपणी कोणी नको तसा हात लावला होता का, हस्तमैथुन करता का आणि कसं, जोडीदाराबद्दल आकर्षण वाटतं का, दुसरं कोणी मनात आहे का, घरात मारहाण किंवा जबरदस्ती होते का. इथे सांगितलेलं दुसऱ्याला सांगायचं की नाही, हे सांगणाराच ठरवतो. थेरपिस्टने हा नियम आधीच स्पष्ट करायला हवा; केला नाही तर तुम्ही विचारा. जबरदस्ती होत असेल तर पुढचा जोडप्याचा गृहपाठ दिलाच जात नाही. ज्या माणसाची भीती वाटते त्याच्यासमोर अंग सैल सोडायचा सराव करून घेणं हे उपचारात बसत नाही.

याच टप्प्यावर वैद्यकीय बाजूही पक्की केली जाते. तिच्या बाबतीत योनीमार्गात पडदा किंवा आडवी-उभी पट्टी आहे का, जंतुसंसर्ग आहे का, योनीच्या तोंडाशी कापसाच्या काडीने हलकं टेकवलं तरी झोंबतं का. हे शेवटचं असेल तर दुखणं त्वचेचं आणि मज्जातंतूंचं असतं, त्याचा उपचार वेगळा आणि आधी. त्याच्या बाबतीत पुढची कातडी मागे जाते का, मधुमेह-रक्तदाब आहे का, आणि सगळ्यात उपयोगी प्रश्न: सकाळी उठताना किंवा एकट्याने करताना ताठरता नीट येते का? येत असेल तर रक्तपुरवठा आणि नसा बहुधा ठीक आहेत, अडचण प्रसंगाची आहे. तुमच्या गायनॅक मॅडमनी "ठीक आहे" म्हटलं ते तपासून म्हटलं की न तपासता, हे मात्र विचारून घ्या. हात लावू न दिल्याने तपासणी अर्धवट सुटणं अशा वेळी फार होतं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ती माहितीही निदानाचाच भाग असते.

चौथ्या भेटीत पुन्हा दोघं एकत्र, आणि थेरपिस्ट आपला निष्कर्ष मांडतो. या जोडप्याला तो साधारण असं सांगेल. डोळ्याजवळ बोट आलं की पापणी मिटते, तुम्ही ठरवा वा न ठरवा. योनीच्या तोंडाभोवती ओटीपोटाच्या तळाचे स्नायू असतात, ते तिच्या बाबतीत पापणीसारखे वागतात. तुम्हाला जी भिंत वाटते ती हे आवळलेले स्नायू. याला व्हजायनिस्मस म्हणतात. आवळलेल्या स्नायूंवर जोर दिला की दुखतं, दुखलं की पुढच्या वेळी भीती आधी येते, भीती आली की स्नायू आणखी लवकर आवळतात. चौदा महिन्यांतला प्रत्येक प्रयत्न हा त्या आवळण्याचाच सराव झाला. आणि तो? तिचा चेहरा वेदनेने आक्रसलेला पाहून तो थबकतो, मग "आता राहील का?" म्हणून स्वतःकडेच बघत बसतो. मास्टर्स आणि जॉन्सन यांनी या अवस्थेला प्रेक्षक होणं असं म्हटलं होतं. स्वतःची परीक्षा घेणाऱ्या माणसाची ताठरता टिकत नाही. तेव्हा इथे बिघाड दोन आहेत आणि एक दुसऱ्याला पोसतो. म्हणून त्याला एकट्याला गोळी देऊन किंवा तिला एकटीला समजावून भागत नाही.

"थोडी वाइन घ्या, चार दिवस महाबळेश्वरला जाऊन या" हा सल्ला नेमका इथे फसतो. हॉटेलचं भाडं भरलंय म्हटल्यावर परीक्षा अजून मोठी होते. बधीर करणारं मलमही असंच. दुखण्याची जाणीव घटते, भीती तशीच राहते, स्नायू आवळतातच, वर त्यालाही बधिरपणा येतो.

मग येते बंदी. थेरपिस्ट सांगतो, आजपासून मी सांगेपर्यंत संबंधाचा प्रयत्न करायचा नाही. "जमलं तर बघू" हेही नाही. ऐकून बरेच जण हसतात, कारण तसंही होतच नव्हतं. पण ही बंदी हाच उपचाराचा कणा आहे. तिला पहिल्यांदाच खात्री मिळते की आजचा स्पर्श कुठेही "तिथे" जाऊन पोचणार नाही, आणि त्याला ताठरता आली-गेली तरी काही बिघडत नाही, कारण ती वापरायचीच नाही.

पहिला गृहपाठ स्पर्शाचा. आठवड्यातून तीनदा, आणि वार-वेळ सेशनमध्येच ठरते. वन बीएचकेमध्ये ही वेळ ठरवायला कधी कधी निम्मं सेशन जातं, आणि जाऊ द्यावं. या जोडप्याचं असं ठरतं: बुधवारी आणि शुक्रवारी रात्री साडेदहा, रविवारी दुपारी आई-बाबा मंडळाच्या भजनाला जातात तेव्हा. दाराची कडी वाजते म्हणून तिला तेल. पंखा जोरात. मोबाइल खोलीबाहेर चार्जिंगला, कारण उशाशी असला की हात जातो. कोणी सुरू करायचं हेही ठरलेलं असतं, पहिल्या दिवशी ती, दुसऱ्या दिवशी तो. "मूड आला की करू" ही सूट मुद्दाम देत नाहीत. ज्यांना चौदा महिने भीती वाटली त्यांना मूड येण्याची वाट बघितली तर गृहपाठ होत नाही.

कृती अशी. कपडे जेवढे काढणं सोपं वाटेल तेवढेच काढा, मंद दिवा चालू ठेवा. एकाने पालथं झोपायचं, दुसऱ्याने १५ मिनिटं स्पर्श करायचा: केसांपासून पावलांपर्यंत, मग उताणं होऊन पुढून. स्तन आणि जननेंद्रियं वगळायची. पंधरा मिनिटांनी अदलाबदल. बोलायचं नाही. तेल-लोशन सुरुवातीला नको. स्पर्श करणाऱ्याने समोरच्याला खूश करायला स्पर्श करायचा नाही. स्वतःच्या बोटांना काय जाणवतंय तेवढंच पाहायचं: ऊन की गार, मऊ की खरखरीत, घट्ट की सैल. कोपराची कातडी खरखरीत, कानामागे गुळगुळीत, पोटरीवर लव. मन "हिला आवडतंय का?" किंवा "उद्याचं प्रेझेंटेशन" इकडे गेलं की ते पकडायचं आणि बोटांकडे परत आणायचं. शंभरदा गेलं तर शंभरदा. स्पर्श घेणाऱ्याचं काम एकच: नको वाटलं तर जोडीदाराच्या हातावर आपला हात ठेवून तो तिथून बाजूला न्यायचा. सहन करत पडून राहायचं नाही.

नंतर दोघांनी वेगवेगळ्या वहीत तीन ओळी लिहायच्या, एकमेकांना न दाखवता: काय जाणवलं, मन कुठे गेलं, परत आणता आलं का. "छान वाटलं" एवढं लिहिणं चालत नाही. "त्याच्या पाठीचा मधला भाग गरम होता, खांदे गार" हे चालतं.

पुढच्या सेशनचा बराच वेळ याच ओळींवर जातो, आणि तो संवाद साधारण असा असतो.

"किती वेळा झालं?"

"दोनदा. शुक्रवारी राहिलं," तो म्हणतो.

"शुक्रवारी काय झालं?"

"हा फार दमला होता," ती सांगते. "मग मीच म्हटलं, राहू दे."

"आणि मनात काय आलं?"

जरा थांबून ती म्हणते, "सुटले असं वाटलं."

"बुधवारी? तुम्ही स्पर्श करत होतात तेव्हा."

तो म्हणतो, "मी मस्त मसाज केला. हिची मान खूप आखडते."

"म्हणजे तिच्या मानेसाठी केलंत. तुमच्या बोटांना काय कळलं?"

त्याच्याकडे उत्तर नसतं.

या चार-सहा वाक्यांत थेरपिस्टला बरंच मिळतं. तो मसाज करतोय, म्हणजे अजूनही तिला काहीतरी देऊन पास व्हायला बघतोय. तेव्हा त्याला सांगितलं जातं की दाब कमी, वेग निम्मा, मान सोडून पुढे जा. ती "सुटले" म्हणते, म्हणजे बंदीवर तिचा अजून पूर्ण विश्वास बसलेला नाही. मग विचारलं जातं, काय केलं तर बसेल? कधी उत्तर अगदी साधं असतं: त्याने खाली अंतर्वस्त्र काढू नये. तर पुढचे दोन आठवडे काढायचं नाही. न झालेला गृहपाठ इथे रागावण्याचा विषय नसतो. भीती नेमकी कुठे बसली आहे, ते झालेल्यापेक्षा न झालेला गृहपाठ जास्त चांगलं दाखवतो.

या टप्प्यावरच्या काही नेहमीच्या अडचणी. गुदगुल्या होतात: बोटांच्या टोकांऐवजी पूर्ण तळवा टेकवा, दाब थोडा वाढवा, बहुतेक गुदगुल्या अंग आवळल्याचं लक्षण असतात आणि दोन-तीन वेळांत कमी होतात. कंटाळा येतो: येऊ द्या, कंटाळा ही भीतीपेक्षा कितीतरी चांगली गोष्ट आहे. झोप लागते: वेळ बदला. आणि सगळ्यात मोठी अडचण, तिसऱ्या आठवड्यात दोघांनाही उत्तेजना येते आणि "आज होईलच" म्हणून बंदी मोडतात. कधी जमतंही. पण बहुतेकदा दुखतं, आणि मिळालेला विश्वास एका रात्रीत जातो. मोडली तर लपवू नका. थेरपिस्ट कुठल्या पायरीवर मागे जायचं ते सांगतो.

याच आठवड्यांत तिचा एकटीचा गृहपाठ समांतर सुरू होतो. रोज नाही, आठवड्यातून चार-पाच दिवस, दहा मिनिटं, अंघोळीच्या आधी किंवा झोपताना. पहिला आठवडा फक्त हातात आरसा घेऊन बघण्याचा. मूत्रद्वार कुठे, योनीचं तोंड कुठे, हे अनेकींनी आयुष्यात कधी बघितलेलं नसतं, आणि "एवढंसं छिद्र, त्यात कसं जाईल" ही भीती पुष्कळदा न बघण्यातूनच आलेली असते. दुसऱ्या आठवड्यात स्नायू ओळखणं. लघवी मध्येच थांबवताना जे आवळतं ते तीन सेकंद आवळायचं, मग सहा सेकंद सोडायचं, दहा वेळा. इथे एक गफलत हमखास होते. इंटरनेटवर केगलचा व्यायाम "घट्ट करण्यासाठी" शिकवतात आणि बायका दिवसाला दोनशे वेळा आवळत बसतात. व्हजायनिस्मसमध्ये स्नायू आधीच घट्ट असतात, शिकायचं असतं ते सोडणं. आवळणं फक्त सोडण्याची जाणीव व्हावी म्हणून.

नंतर बोट. उशीला टेकून अर्धवट बसायचं, गुडघे मोडून बाहेरच्या बाजूला, गुडघ्यांखाली उशा, म्हणजे मांड्यांना भार धरावा लागत नाही. नखं कापलेली, बोटाला पाण्यावर आधारित वंगणजेल भरपूर. बोट योनीच्या तोंडाशी नुसतं टेकवून ठेवायचं आणि भीतीला ० ते १० मध्ये आकडा द्यायचा. सुरुवातीला ७ असेल. ढकलायचं नाही, काढूनही घ्यायचं नाही. तिथेच ठेवून लांब श्वास सोडत आकडा ३ वर येईपर्यंत थांबायचं. मग श्वास सोडताना, गॅस सोडताना लावतो तसा हलका जोर खाली लावायचा. त्याने तोंड उघडतं, आणि बोटाचं पहिलं पेर आत जातं. दिशा महत्त्वाची: सरळ वर, बेंबीकडे नेलं तर पुढच्या हाडाला लागून दुखतं. योनीमार्ग मागे, माकडहाडाच्या दिशेने जातो. "भिंत लागते" म्हणणाऱ्या काही जणींची निम्मी भिंत या दिशेच्या चुकीची असते. पाऊण इंच, एक इंच आत घट्ट कडं लागतं, तेच ते स्नायू. तिथे थांबायचं, आवळायचं, सोडायचं. एका पायरीवर लागोपाठ तीन दिवस आकडा २ किंवा खाली राहिला तरच पुढची: करंगळी, मग मधलं बोट, मग दोन बोटं, किंवा बोटांऐवजी डायलेटर.

डायलेटर म्हणजे गुळगुळीत, गोल टोकाच्या नळ्यांचा संच, चार ते सहा आकारांचा. सगळ्यात लहान करंगळीएवढा, मोठा साधारण साडेतीन सेंटीमीटर जाडीचा. सिलिकॉनचे मऊ आणि प्लास्टिकचे कडक असे दोन्ही मिळतात. नंतर सौम्य साबण आणि पाणी पुरतं. याने योनी "मोठी" होत नाही, ती मुळात लहान नसतेच. स्नायू आवळू नये एवढं शिकतात. एका आकारावर अडकलात तर थेट पुढच्याशी झगडू नका. आधी लहान घाला, पाच मिनिटं राहू द्या, मग तो काढून लगेच मोठा टेकवा. आणि पाळी किंवा जंतुसंसर्ग असेल त्या दिवसांत सुट्टी.

त्याच्या वाट्याला एक विचित्र गृहपाठ येतो: ताठरता मुद्दाम जाऊ द्यायची. स्पर्शाच्या दुसऱ्या टप्प्यात स्तन आणि जननेंद्रियांना स्पर्श चालतो, बंदी अजून असतेच. तिचा हात असताना ताठरता आली की थांबायचं, दोघांनी गप्पा मारायच्या, ती पूर्ण उतरू द्यायची, आणि मग पुन्हा स्पर्श सुरू करायचा. एका वेळी दोन-तीनदा. ज्याला वाटतं की एकदा उतरली की आजचा खेळ संपला, त्याला ती परत येताना पाहायला मिळते. चार-पाच वेळा हे पाहिलं की ऐन वेळी उतरण्याचा धसका बराच विरतो. काही वेळा डॉक्टर सोबत सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल ही ताठरतेची गोळी काही आठवडे देतात. ती गोळी इच्छा निर्माण करत नाही, आणि छातीदुखीसाठी नायट्रेटची गोळी घेणाऱ्याला ती अजिबात चालत नाही, म्हणून मेडिकलमधून स्वतःहून आणू नये.

सातव्या-आठव्या भेटीच्या सुमारास दोन्ही धागे जुळतात. तिला मधल्या आकाराचा डायलेटर सहज जातोय, त्याचा धसका कमी झालाय. आता तिच्या हाताखाली त्याचं बोट. हात तिचाच चालवणार, थांबवणारही तीच. बऱ्याच जणींचा आकडा इथे पुन्हा ६-७ वर उडी मारतो. स्वतःचं बोट आणि दुसऱ्याचं बोट यात अंगाला फरक कळतो, त्यामुळे याला घसरण समजू नये. आठवडाभर इथेच राहिलं की उतरतो. मग लिंगाचा बाहेरून नुसता स्पर्श, आत न नेता. मग बंदी अर्धी उठते: तो उताणा, ती वर, गुडघ्यांवर. भरपूर जेल. तिने स्वतःच्या हाताने लिंग धरायचं, डायलेटर जसा टेकवते तसंच टेकवायचं, श्वास सोडत थोडं खाली बसायचं. टोकापुरतंच. त्याने हलायचं नाही. मिनिटभर थांबून तिनेच उठायचं आणि तिथेच त्या दिवसाचं काम संपवायचं. पुढच्या वेळी दोन मिनिटं, थोडं जास्त आत. हालचाल शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत येते, तीही आधी तिची.

इथे चुकतं ते दोन ठिकाणी. आत गेल्याच्या आनंदात तो धक्का देतो, तिचे स्नायू आवळतात आणि महिनाभराचं काम मागे जातं. म्हणून "तू नुसता पडून राहा" हे सेशनमध्ये त्याच्याकडून शब्दशः वदवून घेतात. दुसरं, तेवढ्यात त्याचं उतरतं आणि दोघं घाईघाईने पुन्हा उभं करायला धडपडतात. घाई केली की तो परत प्रेक्षक होतो. उतरलं तर आधीच्या स्पर्शाकडे वळायचं, आणि त्या दिवशी पुन्हा जमलं नाही तरी वहीत दोन ओळी लिहून झोपायचं. वंगणाबद्दल एक सूचना: निरोध वापरत असाल तर खोबरेल तेल नको, त्याने लॅटेक्स कमकुवत होतं. थुंकी लगेच वाळते, तीही नको.

वर्ष झालं की "गोड बातमी कधी?" सुरू होतं, आणि थेरपी मूल होण्याच्या घाईखाली दबते. हे ओझं उतरवायचा एक साधा मार्ग आहे, तो थेरपिस्टला आधीच विचारा: बीज सुटण्याच्या दिवसांत सुई नसलेल्या स्वच्छ सिरिंजने वीर्य योनीत सोडणं. तो घरी करता येतो. पद्धत गायनॅककडून शिकून घ्या. गर्भ तसा राहू शकतो, आणि मग संबंध शिकायला घड्याळ लागत नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा. आत न जाता योनीच्या तोंडाशी वीर्य पडलं तरी क्वचित गर्भ राहतो, तेव्हा मूल नको असेल तर बाहेरच्या स्पर्शाच्या टप्प्यातही निरोध वापरा.

सहा-सात भेटी होऊन आकडा जराही हलत नसेल तर तीच पायरी घासत बसू नये. अशा वेळी तीन गोष्टी तपासतात: दुखणं खरोखर त्वचेचं तर नाही ना, ओटीपोटाच्या फिजिओथेरपिस्टची मदत हवी आहे का, आणि वेगळ्या भेटीत न सांगितलेलं काही मागे उरलंय का. काहींना जबरदस्तीच्या जुन्या अनुभवावर आधी काम करावं लागतं. काहींचं उत्तर असं निघतं की लग्नच नको होतं. ते गृहपाठाने बदलत नाही, आणि प्रामाणिक थेरपिस्ट ते बदलू पाहत नाही.

कोणाकडे जायचं? मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे मानसोपचारात एमडी केलेले डॉक्टर, किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, ज्यांनी लैंगिक समस्यांवर काम केलंय. फोनवर सरळ विचारा: "व्हजायनिस्मसच्या जोडप्यांना तुम्ही स्वतः घेता का, की गोळी लिहून पाठवता?" उत्तरावरून कळतं. लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या "गुप्तरोग" जाहिरातींचे नंबर यात मोडत नाहीत. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपरच्या खर्चात सुरुवात करता येते, फक्त वेळ कमी मिळतो आणि रांग असते.

पहिल्या भेटीला दोघं जा. गायनॅकचे कागद, चालू गोळ्यांची नावं, पाळीच्या गेल्या दोन तारखा सोबत ठेवा. आणि जाण्याच्या आधीच्या रात्री "एकदा शेवटचं बघू या" म्हणून प्रयत्न करू नका.